व्हिडिओ कॉलच्या वेळेला अंगावर काहीच नसतं, मग पुरळाचे फोटो काढायचे तरी कसे?

सांजवेळ · सोमवार, सकाळी ९:१०

आईच्या अंगावर गेले ११ दिवस गांधी उठतायत. मांड्या, पोट, दंड, कधी पाठीवर. रात्री नऊ-दहानंतर जास्त, आणि सकाळपर्यंत बऱ्याच जिरलेल्या असतात. मी दुसऱ्या गावात, आई-बाबा तिकडे, त्यामुळे ऑनलाइन अपॉइंटमेंट घेतली. कॉल होता दुपारी साडेबाराला आणि तेव्हा अंग एकदम स्वच्छ! बाबांनी आधी काढलेले सहा फोटो पाठवले होते, डॉक्टरांनी बघितले आणि म्हणाले यावरून मला काही सांगता येणार नाही. त्यांचंही बरोबरच होतं हो, दोन फोटो पिवळ्या दिव्यात काढलेले, एक हललेला, आणि एक इतका जवळून की ती मांडी आहे का दंड हे मलाही कळेना. आता पुढचा कॉल शुक्रवारी आहे. तोवर बाबांना नेमकं काय काय करायला सांगू? फोन साधाच आहे, पण कॅमेरा ठीक आहे.

चौकट · सोमवार, सकाळी ९:४८

फोटोग्राफी हाच धंदा आहे माझा म्हणून सांगतो. पहिलं म्हणजे लेन्स पुसा, बरेचसे धूसर फोटो बोटाच्या तेलकटपणामुळे असतात. दुसरं, फ्लॅश लावाच, म्हणजे हात हलला तरी फोटो शार्प येतो. फोन शक्य तितका जवळ न्या, त्वचेवर टॅप करून फोकस करा, ३ सेकंदाचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना फोन हलत नाही. आणि मग एडिटमधे जाऊन कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, लाली उठून दिसते.

मीच_तो · सोमवार, सकाळी १०:२०

मला पण असंच झालंय, कमरेपाशी गोल चट्टा, कडेला खाज, मधे साफ. तीन आठवडे झाले, घरात होती ती ट्यूब लावतोय, आधी कमी झालं आता परत पसरतंय. कोणती क्रीम चांगली?

रानवारा · सोमवार, दुपारी १:३५

त्वचारोगाचीच डॉक्टर आहे, १४ वर्षं झाली, आणि रोज लोकांनी पाठवलेले फोटो बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चौकट, लेन्स पुसणं, टॅप करून फोकस, टायमर हे तिन्ही अगदी योग्य. बाकीच्या तीन गोष्टींवर मात्र माझं मत वेगळं आहे. समोरून फ्लॅश पडला की गांध सपाट दिसते. आणि गांधीत आम्हाला सगळ्यात आधी हेच बघायचं असतं की कातडी वर उचललेली आहे का नुसती लाल झालीये. अंगावर घाम किंवा तेल असेल तर वर पांढरा चकाकता ठिपका येतो तो वेगळाच. फोन अगदी जवळ नेला की बरेच फोन आपोआप रुंद लेन्सवर जातात, कडा ताणल्यासारख्या होतात, शिवाय फोनची सावली बरोब्बर पुरळावरच पडते. त्यापेक्षा साधारण एक वीत ते दीड वीत लांब धरा आणि दुप्पट झूम करा. आणि एडिट तर नकोच. रंग हाच आमचा पुरावा असतो, तो बदललेला असेल तर मी फसणार. चेहऱ्याचं सौंदर्य वाढवणारं सेटिंग असतं ना, तेही बंद करा, ते कातडीचे बारीक तपशील पुसून टाकतं.

सांजवेळ, तुमच्या आईच्या बाबतीत फोटो सुंदर येण्यापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त कामाची आहे. एकच गांध किती वेळ टिकते? पुरळ ११ दिवस आहे हे कळलं, पण आज मांडीवर दिसतेय ती कालचीच आहे का कालची जाऊन शेजारी नवीन उठली, हे आईंनाही सांगता येणार नाही, कोणालाच येत नाही. नेहमीच्या पित्ताची एक गांध सहसा २४ तासांच्या आत पूर्ण जाते आणि मागे डाग ठेवत नाही. २४ तासांच्या पुढे टिकणारी, खाजेपेक्षा आग किंवा दुखणं जास्त असणारी, जाताना काळानिळा किंवा तपकिरी डाग ठेवणारी गांध असेल तर आम्ही वेगळा विचार करतो, तेव्हा बारीक रक्तवाहिन्यांची सूज तर नाही ना हे बघावं लागतं. आणि हा फरक वेळ लिहिलेल्या तीन-चार फोटोंतून कळतो, व्हिडिओ कॉलवरून नाही.

म्हणून असं करा. आज रात्री नव्या उठलेल्या तीन गांधी निवडा, शक्यतो वेगवेगळ्या जागच्या. बॉलपेनने त्यांच्या कडेला चार ठिपके द्या, वर खाली डावीकडे उजवीकडे. शेजारी १, २, ३ असे आकडे. लगेच फोटो. मग झोपेच्या आधी, सकाळी उठल्यावर, आणि बरोबर २४ तासांनी परत. ठिपके पुसट झाले तर परत गडद करा, अंघोळीनंतर तर नक्कीच.

प्रत्येक नंबरचे दोन फोटो पुरेत. एक सरळ समोरून, आणि एक असा की उजेड बाजूने पडतोय आणि फोनही थोडा तिरका आहे, त्यात गांधीच्या एका कडेला बारीक सावली दिसते आणि उंचवटा कळतो. याशिवाय दिवसातून एकदा लांबून एक फोटो, अख्खी मांडी गुडघ्यासकट किंवा अख्खं पोट बेंबीसकट, म्हणजे कुठे आणि किती पसरलंय ते समजतं.

रानवारा · सोमवार, दुपारी १:४१

मीच_तो, हा धागा फोटोचा आहे तरी सांगते कारण तुमच्या केसमधेही फोटोचाच मुद्दा आहे. गोल, कडेला खाज, मधे साफ, ट्यूब लावून आधी बरं मग जास्त, हे गजकर्णावर स्टेरॉइड असलेली क्रीम लावल्यावर होऊ शकतं. त्या क्रीमने लाली-खाज दबते पण बुरशी वाढत राहते आणि चट्ट्याची कड अशी विरून जाते की मग फोटोच काय, समोर बघूनही चट्कन ओळखू येत नाही. इथे कोणाला क्रीमचं नाव विचारू नका. चट्ट्याचा फोटो काढा तो क्रीम लावायच्या आधीचा, कोरड्या त्वचेवर, आणि ट्यूबच्या मागच्या बाजूचा घटक वाचता येतील असा फोटो, दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

मीच_तो · सोमवार, दुपारी २:०५

ट्यूबवर दोन-तीन नावं आहेत, शेवटी सोन वगैरे येतंय. ठीक आहे, दाखवतो.

अबोली · सोमवार, दुपारी ३:३०

डॉक्टर, एक विचारायचं होतं. मी सावळी नाही, चांगलीच काळी आहे आणि माझ्या गांधी लाल दिसतच नाहीत. मागे एकदा फोटो पाठवले तर उत्तर आलं की त्वचा नॉर्मल दिसतेय! मी हाताने चाचपून सांगत होते की फुगलंय, पण फोटोत काहीच नाही.

रानवारा · सोमवार, संध्याकाळी ५:१५

अबोली, हे तुमचं चुकलेलं नाही, हे वारंवार होतं. गडद त्वचेवर गांध बहुतेक वेळा त्वचेच्याच रंगाची किंवा जराशी गडद, जांभळट दिसते, लाल नाही. त्यामुळे तुमच्यासाठी बाजूचा उजेड हीच मुख्य गोष्ट. खिडकीच्या कडेला उभं राहा, खिडकी समोर नको, डावीकडे किंवा उजवीकडे हवी, घरातले दिवे बंद. सूज असेल तर सावलीतून दिसते. दुसरं म्हणजे पांढऱ्या चादरीवर हात ठेवून फोटो काढू नका, फोन त्या पांढऱ्याला सांभाळायला जातो आणि हात आणखी काळा येतो. राखाडी किंवा निळसर साधं कापड चालेल. लाल-केशरी कपडा जवळ नको, त्याची झाक त्वचेवर पडते. आणि फ्रेममधे थोडी चांगली त्वचाही येऊ द्या, एका हातावर असेल तर दुसऱ्या हाताचा तोच भाग पण पाठवा, फरक तिथेच कळतो. सोबत लिहा की हाताला फुगीर लागतंय. हे वाक्य फोटोइतकंच उपयोगी आहे.

चौकट · सोमवार, संध्याकाळी ६:००

एडिटचं मान्य, ते मी माझ्या कामाच्या सवयीने बोललो. पण फ्लॅशचं पूर्ण पटलेलं नाही. या काकूंना गांधी रात्री उठतायत, तेव्हा खिडकीचा उजेड कुठून आणणार? घरचा पिवळा दिवा असेल तर फोन रंगाचा अंदाज चुकवतो, वर पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब दोन्ही चालू असले तर अर्धा हात पिवळा अर्धा निळा येतो, ते कोणीच नंतर दुरुस्त करू शकत नाही. त्यापेक्षा फ्लॅशवर पातळ कागदाचा तुकडा धरून, दोन हात लांबून फोटो, रंग तरी खरा येईल.

रानवारा · सोमवार, रात्री ८:२०

रात्रीचा मुद्दा बरोबर आहे तुमचा. मी सांगते ते असं की एकाच जातीचा पांढरा दिवा ठेवा, बाकी सगळे बंद, आणि पेशंटला दिव्याच्या थेट खाली न बसवता थोडं बाजूला. शेजारी साधा पांढरा कागद ठेवा, फ्रेमच्या कोपऱ्यात आला तरी पुरे. कागद फोटोत पिवळा दिसला की मला कळतं त्वचेवरची पिवळी झाक पण दिव्याचीच आहे. लांबून फ्लॅश आणि वर कागद, हे मी करून बघितलेलं नाही. एक फोटो फ्लॅशचा एक बिनफ्लॅशचा पाठवला तर मला काहीच अडचण नाही, फक्त कोणता कोणता ते लिहा.

उंबरठा · सोमवार, रात्री ८:५५

मापासाठी शेजारी नाणं ठेवतात ना? आम्ही नेहमी नाणंच ठेवतो.

रानवारा · सोमवार, रात्री ९:०२

नाणं चालतं, पण कोणतं नाणं ते सांगायला लोक विसरतात, आणि एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या आकारात असतात. शाळेची प्लॅस्टिकची पट्टी सगळ्यात सोपी. ती त्वचेच्या जितकी जवळ आणि जितकी समांतर तितकं माप खरं, हवेत वर धरली तर कॅमेऱ्याच्या जवळ गेल्यामुळे पट्टी मोठी आणि गांध लहान दिसते. पुरळावर मात्र टेकवू नका, शेजारी. नंतर पट्टी पुसून ठेवा. आणि एक फोटो बिनपट्टीचाही काढा, कधी कधी महत्त्वाचंच पट्टीखाली झाकलं जातं.

पाऊलवाट · मंगळवार, सकाळी ७:४०

डॉक्टर, घाईत विचारतेय. मुलगा ५ वर्षांचा, काल संध्याकाळपासून पायावर बारीक लाल ठिपके. कुठेतरी वाचलेलं म्हणून पारदर्शक ग्लास दाबून बघितला, काही ठिपके जातायत, काही तसेच राहतायत. ग्लासमधून फोटो काढला पण काचेवर दिव्याची चमक येतेय, नीट दिसत नाही. ताप नाही, खेळतोय. फोटो परत काढून पाठवू का डॉक्टरांना?

रानवारा · मंगळवार, सकाळी ७:५२

फोटो परत काढत बसू नका. दाबल्यावर न जाणारे ठिपके म्हणजे त्वचेत रक्त उतरलंय, कारण साधंही असू शकतं पण ते प्रत्यक्ष बघूनच ठरतं, कदाचित रक्त तपासावं लागेल. मूल खेळतंय तरी आजच, सकाळीच दाखवा. आणि वाटेत किंवा आधीच ताप आला, मूल मलूल झालं, मान ताठ वाटली, उलट्या झाल्या, ठिपके मोठे होऊन जांभळे पडू लागले तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. काढलाय तो फोटो असू द्या, किती वाजताचा आहे ते सांगा, तेवढा पसरण्याचा वेग सांगायला उपयोगी पडेल.

पाऊलवाट · मंगळवार, सकाळी ७:५५

निघतोय.

सांजवेळ · मंगळवार, सकाळी १०:३०

पाऊलवाट, मुलाचं कळवा नक्की.

काल रात्री बाबांना फोनवर सगळं समजावलं. एक अडचण आली. त्यांना चार ठिपके जमेनात म्हणून त्यांनी गांधीभोवती पूर्ण गोल काढला, आणि १० मिनिटांत आई म्हणाली गोलावरच खाज सुटलीये. फोटोत बघितलं तर पेनाची रेघच वर आलीये, दोरी ठेवल्यासारखी! मी घाबरले, पेनाच्या शाईची ॲलर्जी असेल का?

रानवारा · मंगळवार, दुपारी १:१०

शाईची शक्यता कमी, दाबाची जास्त. काही जणांची त्वचा अशी असते की ओरखडा काढला की त्या रेघेवर गांध उठते, आणि अर्ध्या-एक तासात बहुधा बसतेही. ही माहिती तुमच्या डॉक्टरांना खूप कामाची आहे, तो फोटो आवर्जून पाठवा आणि खाली लिहा की रेघ काढल्यावर १० मिनिटांनी. इथून पुढे मात्र ठिपकेच, पेन अगदी हलक्या हाताने टेकवायचं, ओढायचं नाही. नाहीतर गांध जाऊन गोलाचीच सूज उरेल आणि आपल्याला वाटेल गांध टिकली.

आणि फोटो काढायच्या आधी खाजवू नका म्हणावं. ओरखड्यांच्या रेघा आल्या की मूळ काय होतं ते शोधावं लागतं. ॲलर्जीची गोळी चालू आहे का? असेल तर बंद करू नका, फक्त गोळी किती वाजता घेतली ते वेळापत्रकात लिहा. गोळीनंतर तीन तासांनी गांध जिरली याचा अर्थ आणि आपणहून जिरली याचा अर्थ वेगळा.

खिडकी · मंगळवार, दुपारी ४:४५

पाठवण्याबद्दल एक. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान करून जातो, पट्टीवरचे मिलिमीटर वाचता येत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि फोटो कधी काढला ती वेळही आत राहते. पण मग जागेची माहितीही आत राहते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे लोकेशन आधी बंद करा. आणि मांड्या-पोटाचे फोटो फॅमिली ग्रुपच्या अल्बममधे आपोआप चढत नाहीत ना हेही बघा, आमच्याकडे ते झालंय, आजीला फार वाईट वाटलं होतं.

सांजवेळ · मंगळवार, संध्याकाळी ७:२०

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आमचाही अल्बम शेअर्ड आहे. आत्ता बंद करायला सांगते. आईला आधी विचारूनच पाठवतोय सगळे, पाठीचे चालतील म्हणाली, छातीचे नको, मग तिथे फक्त लिहून कळवणार.

पाऊलवाट · मंगळवार, रात्री ९:३०

दाखवलं. रक्त तपासलं, प्लेटलेट ठीक आहेत. उद्या लघवी तपासायची आहे आणि दोन दिवसांनी परत बोलावलंय. नेमकं काय ते अजून सांगितलं नाही. डॉक्टरांनी सकाळचा फोटो मागितला आणि पायावरचे ठिपके त्याच्याशी ताडून बघितले, घोट्याजवळ नवे आलेत म्हणाले. धन्यवाद सगळ्यांना, खरंच.

सांजवेळ · गुरुवार, सकाळी ११:००

बुधवारी रात्रीपर्यंतचं सगळं जमा झालं. बाबांनी वहीत लिहिलं त्याचा हा तक्ता, उद्या डॉक्टरांना असाच पाठवू का?

मंगळवार रात्री ९:४०, तिन्ही गांधी नव्या. १ नंबर उजवी मांडी ३२ मिमी, २ नंबर पोट २० मिमी, ३ नंबर डावी पिंढरी २५ मिमी. गोळी रात्री १०:००. त्यानंतर ११:३० ला तिन्ही आहेत, १ नंबर मोठी होऊन ४० मिमी, मधे फिकट. बुधवारी सकाळी ६:३० ला १ आणि २ पूर्ण गेलेल्या, ठिपक्यांच्या आत साधी त्वचा. ३ नंबर आहे, थोडी चपटी. रात्री ९:४० ला, म्हणजे बरोबर २४ तासांनी, ३ नंबरच्या जागी सूज नाही पण तपकिरी-जांभळट डाग आहे. आई म्हणते तिथे खाज नव्हतीच, चुरचुरत होतं.

चौकट · गुरुवार, सकाळी ११:२५

बाबांना सलाम. काल धाग्यापायी माझ्याच दंडावर डास चावलेली जागा घेऊन फ्लॅशवर कागद धरून आणि बाजूच्या दिव्यात असे दोन्ही फोटो काढले. रंग फ्लॅशचा बरा आला, उंचवटा मात्र बाजूच्या दिव्यातच दिसला. म्हणजे दोन्ही लागतात असं माझं मत.

रानवारा · गुरुवार, दुपारी १:५०

सांजवेळ, असाच पाठवा, यात भर घालायची तर तीनच ओळी. मागच्या दोन-तीन आठवड्यांत नवीन सुरू झालेली औषधं, दुखण्याच्या गोळ्यांसकट. ताप, सांधेदुखी आहे का. ओठ-पापण्या सुजल्या होत्या का. जीभ किंवा घसा सुजला, आवाज बदलला, श्वास अडकला तर उद्याच्या कॉलची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल, हे बाबांना आजच सांगून ठेवा.

३ नंबरबद्दल इथून निदान करणार नाही. पायावर रक्त खाली साचतं म्हणून पिंढरीचा डाग इतरांपेक्षा जास्त दिसू शकतो, आणि पेन-खाजवण्याचाही असू शकतो. पण ही गांध बाकी दोघींसारखी वागलेली नाही हे खरं. आज रात्री पिंढरीवर नवी उठली तर तिलाही नंबर द्या.

सांजवेळ · शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

कॉल झाला. या वेळी २० मिनिटं बोलले, आणि त्यातला बराच वेळ फोटोंवरच. पेनाच्या रेघेचा फोटो बघून त्यांनी आईला विचारलं, कपड्याचं इलॅस्टिक घट्ट बसतं तिथे पण उठतं का? आई म्हणाली हो, आम्ही कोणी कधी लक्षच दिलं नव्हतं. १ आणि २ नेहमीच्या पित्तासारख्या आहेत म्हणाले. ३ नंबरसाठी मात्र प्रत्यक्ष या, लागलं तर बारीक तुकडा काढून तपासू, आणि येताना शक्यतो ताजी उठलेली गांध घेऊन या, जुन्या डागातून कमी कळतं. काल रात्री पिंढरीवर एक उठली होती, तिला ४ नंबर दिलाय, ती सकाळी ७ ला गेलेली होती, डाग नाही. आता ३ नंबरच का राहिली ते कळेना. सोमवारी मी स्वतः जातेय आईला घेऊन.

अबोली · शुक्रवार, रात्री ८:४०

खिडकीच्या बाजूला उभी राहून आज फोटो काढले. कोपरावरच्या गांधीची सावली दिसली, पहिल्यांदाच! डॉक्टर, तपकिरी डाग माझ्याही मागे राहतात पण माझे तर मुरुमाचेही राहतात. मग गांधीचा डाग महत्त्वाचा आहे की नाही, ते मी कसं ओळखायचं?

रानवारा · शुक्रवार, रात्री ९:३०

फक्त डागाच्या रंगावरून गडद त्वचेत ठरवणं आम्हालाही अवघड जातं. म्हणून तुमच्याकडे वेळ जास्त महत्त्वाची. ठिपके देऊन २४ तास बघा, आणि त्या गांधीला खाज होती का आग, तेही तेव्हाच लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.